क्लेमचे पैसे मिळाले, मग ही सही कशासाठी?

मंडळी, गाडीला अपघात होतो, कुणाला लागत नाही, विमा कंपनी बॉडी शॉपचे बिल भरते आणि आपण सुटलो म्हणून हुश्श करतो. मग दोन-तीन आठवड्यांनी एक जाड लिफाफा येतो. आत आपल्याच विमा कंपनीचे पत्र असते. त्यात बारीक अक्षरात बरेच काही लिहिलेले असते आणि खाली सहीसाठी रेघ असते. वरती कुठेतरी 'सबरोगेशन' हा शब्द. पैसे तर देऊन झाले, आता यांना माझी सही कशाला हवी? परत मागणार आहेत की काय? मला कुणावर खटला भरायला लावणार आहेत? गेल्या वर्षभरात आपल्या मंडळातल्या निदान तिघांनी मला हा प्रश्न विचारला. मी वकील नाही, विम्याच्या धंद्यातलाही नाही. दिवसभर कोड लिहिणारा माणूस आहे. पण हे पत्र मलाही आले होते, आणि कुठलाही कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची मला (बायकोच्या मते नको तितकी) सवय आहे. त्यामुळे या विषयाच्या थोडे खोलात गेलो.

सबरोगेशन म्हणजे एकाच्या जागी दुसऱ्याने उभे राहणे. समोरच्या माणसाच्या चुकीने माझ्या गाडीचे नुकसान झाले, तर ते त्याच्याकडून वसूल करण्याचा हक्क माझा. पण मी त्याची वाट न पाहता माझ्याच पॉलिसीतल्या कोलिजन कव्हरमधून पैसे घेतले. आता माझे नुकसान भरून आले, पण म्हणून समोरच्याची जबाबदारी संपली असे होत नाही. माझा वसुलीचा हक्क, कंपनीने मला दिलेल्या रकमेपुरता, कंपनीकडे जातो. कंपनी माझ्या जागी उभी राहून समोरच्याकडून, म्हणजे बहुधा त्याच्या विमा कंपनीकडून, ते पैसे मागते. त्यात ती माझ्याकडे काही मागत नसते, मात्र माझा हक्क ती वापरत असते.

या कल्पनेच्या मुळाशी साधा व्यवहार आहे: एका नुकसानीचे पैसे दोनदा मिळू नयेत. यासाठी नेहमी सांगितला जातो तो १८८३ सालचा कॅस्टेलेन विरुद्ध प्रेस्टन हा इंग्लंडच्या अपील कोर्टातला खटला. एका मालकाने आपले घर ३,१०० पौंडांना विकायचा करार केला. व्यवहार पुरा होण्याआधी घराला आग लागली आणि विमा कंपनीने त्याला ३३० पौंड दिले. पुढे खरेदीदारानेही करारानुसार ठरलेली पूर्ण किंमत मोजली. म्हणजे मालकाला जळलेल्या घराची पूर्ण किंमत मिळाली, वर विम्याचे ३३० पौंडही. कंपनीने ते परत मागितले आणि कोर्टाने ते द्यायला लावले. विमा नुकसान भरून काढण्यासाठी आहे, त्यातून नफा होऊ नये, हे तत्त्व त्या निकालात पक्के झाले. आपल्या आजच्या पॉलिसीतले कलम त्याच वंशातले आहे.

आता कुणी विचारेल, हा हक्क कायद्याने आपोआप मिळतो आणि पॉलिसीतही लिहिलेला असतो, तर मग वेगळी सही कशाला? प्रश्न बरोबर आहे. गाडीच्या कित्येक क्लेममध्ये कंपनी असे पत्र मागतही नाही. दोन्ही कंपन्या आपसातल्या लवादाच्या सभासद असल्या तर कागद इकडून तिकडे जातात आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. पत्र येते ते बहुधा प्रकरण कोर्टात जाण्याची शक्यता असते तेव्हा. समोरची गाडी एखाद्या उद्योगाची असते, तिचा मालक स्वतःच नुकसान सोसणारा असतो, किंवा समोरच्याकडे विमाच नसतो. काही राज्यांत असा दावा विमेदाराच्या, म्हणजे तुमच्या, नावाने लावता येतो. मग फिर्यादी म्हणून तुमचे नाव छापले जाते, वकील कंपनीचा, खर्च कंपनीचा आणि वसुलीही कंपनीची. तुमच्या नावाने कुणी दावा लावणार असेल तर त्याच्याकडे तुमचा लेखी होकार असणे बरेच. शिवाय कंपनीला तुमच्या तोंडून आणखी एक गोष्ट हवी असते, आणि माझ्या मते पत्राचे खरे मर्म तेच: तुम्ही समोरच्याला आधीच मोकळे करून बसलेले नाही ना?

माझ्या पत्रात चार गोष्टी होत्या. पहिली, अमुक तारखेच्या अपघातापोटी मला अमुक डॉलर पोचले. दुसरी, त्या नुकसानीला जो कोणी जबाबदार असेल त्याच्याकडून वसुली करण्याचा माझा हक्क मी कंपनीला देतो आणि गरज पडल्यास माझ्या नावाने दावा लावायला संमती देतो. तिसरी, मी समोरच्याशी कसलीही तडजोड केलेली नाही, त्याला मुक्तता लिहून दिलेली नाही, आणि कंपनीला विचारल्याशिवाय देणार नाही. चौथी, फोटो, पोलिस रिपोर्ट, साक्ष वगैरे लागल्यास मी सहकार्य करीन. पहिली आणि चौथी साधी आहेत. दुसरीत शब्द मोजून पाहावे लागतात, आणि तिसरीत लोक अडकतात. त्यासाठी आधी माझ्या प्रकरणाचा हिशेब मांडतो, म्हणजे पुढचे समजायला सोपे जाईल.

आम्ही शिकागोच्या उपनगरात राहतो. एका शनिवारी दुपारी मी मुख्य रस्त्याने सरळ चाललो होतो आणि दुकानांच्या पार्किंग लॉटमधून एक गाडी न थांबता बाहेर आली. माझ्या गाडीचा पुढचा उजवा कोपरा चेपला. कुणालाही इजा झाली नाही. पोलिस आले, रिपोर्ट झाला. समोरच्याच्या कंपनीकडे थेट क्लेम लावता आला असता, पण चूक कुणाची हे ठरवण्यात त्यांनी किती आठवडे घालवले असते कुणास ठाऊक, आणि मला सोमवारी कामावर जायचे होते. म्हणून मी माझ्याच कंपनीच्या कोलिजन कव्हरमधून दुरुस्ती करून घेतली. माझे डिडक्टिबल ५०० डॉलर होते.

बॉडी शॉपचा पहिला अंदाज ४,१८० डॉलरचा. बंपर काढल्यावर आत रेडिएटरचा आधार वाकलेला निघाला, त्याचे आणखी १,१२० डॉलर झाले. बंपरमागचे नुकसान बाहेरून दिसत नाही, त्यामुळे असे पुरवणी बिल अगदी नेहमीचे आहे. एकूण दुरुस्ती ५,३०० डॉलर झाली. त्यातले ५०० मी दिले आणि ४,८०० कंपनीने. गाडी १२ दिवस बॉडी शॉपमध्ये होती. भाड्याच्या गाडीचे रोजचे ४५ डॉलर पडले, पण माझ्या पॉलिसीत रोजचे ३०च मिळत होते. म्हणजे भाड्याच्या ५४० डॉलरपैकी कंपनीने ३६० दिले आणि १८० माझ्या खिशातून गेले.

थोडक्यात, कंपनीचे गेले ५,१६० आणि माझे ६८०. या दोन आकड्यांकडे नीट पाहा, कारण सबरोगेशनच्या पत्राने कंपनीकडे जायला हवा तो फक्त पहिला आकडा. दुसरा माझाच आहे आणि तो वसूल करण्याचा हक्कही माझाच राहतो. माझ्या पत्राच्या दुसऱ्या मुद्द्यात मात्र लिहिले होते, 'या अपघातातून उद्भवणारे सर्व हक्क आणि मागण्या'. 'सर्व' या शब्दाला मी अडखळलो. त्यात माझे ६८० डॉलरही आले, आणि महिन्याभराने मान दुखायला लागली असती तर तीही आली असती.

मी पत्र पाठवणाऱ्या विभागाला फोन केला. 'कंपनीने दिलेल्या रकमेपुरते' आणि 'फक्त गाडीच्या नुकसानीसंबंधी. शारीरिक इजा आणि विमेदाराने स्वतः केलेला खर्च वगळून' हे शब्द घालून द्याल का, असे विचारले. पलीकडच्या बाईंना त्यात काही विशेष वाटले नाही. त्यांच्याकडे तसा दुसरा मसुदा तयारच होता आणि दोन दिवसांत तो आला. हे मुद्दाम सांगतो, कारण आपल्याकडे छापील कागद म्हणजे दगडावरची रेघ असे मानायची सवय आहे. शब्द बदलून मागता येतात. पत्रावर सही करायलाच नकार देणे मात्र बरे नव्हे. वसुलीत कंपनीला मदत करण्याचे कलम पॉलिसीत असतेच. तुमच्या नकारामुळे तिची वसुली बुडाली तर ती तुम्हाला दिलेले पैसे परत मागू शकते.

मग मी विचारले की माझे ५०० डॉलर तुमच्या मागणीत धराल ना? हा प्रश्न प्रत्येकाने विचारावा. अनेक राज्यांच्या नियमांत असे आहे की विमेदाराने मागणी केली तर कंपनीने डिडक्टिबलची रक्कम आपल्या मागणीत धरली पाहिजे आणि वसुली झाली की ती प्रमाणात वाटून दिली पाहिजे. बहुतेक कंपन्या ती आपणहून धरतात, पण फोनवर विचारून एका ओळीची ई-मेल घेऊन ठेवायला काय जाते? माझ्या कंपनीने ५,१६० अधिक ५०० अशी ५,६६० डॉलरची मागणी समोरच्या कंपनीकडे पाठवली. भाड्याचे वरचे १८० डॉलर मात्र त्यांनी धरले नाहीत. ते तुम्हीच समोरच्या कंपनीकडे मागा, म्हणाले.

मी मागितले. समोरच्या कंपनीचा माणूस बोलायला अगदी गोड होता. आमच्या गाडीवाल्याची चूक ८० टक्के, तुमची २०, असे आम्ही धरतो, म्हणाला. म्हणून १८०चे ८० टक्के, १४४ डॉलर, लगेच पाठवतो. चेकबरोबर एक पानी कागद आला. त्यावर लिहिले होते की या रकमेच्या बदल्यात मी या अपघातासंबंधीच्या ज्ञात-अज्ञात, आजच्या आणि भविष्यातल्या सर्व मागण्यांतून त्यांच्या विमेदाराला मुक्त करतो.

आता हा कागद आणि आधीचे पत्र शेजारी ठेवून पाहा. दोन्ही विमा कंपन्यांची पत्रे, दोन्हीवर तोच अपघात, तीच तारीख, दोन्हीत सहीची रेघ. पण पहिले माझ्या कंपनीचे आहे आणि ते माझा हक्क जिवंत ठेवून पुढे चालवते. दुसरे समोरच्याचे आहे आणि ते तोच हक्क मारून टाकते. माझ्या जागी उभ्या राहिलेल्या कंपनीला माझ्यापेक्षा जास्त हक्क मिळू शकत नाही. मीच १४४ डॉलरसाठी समोरच्याला सर्व मागण्यांतून मोकळे केले, तर ५,६६० डॉलर मागायला गेलेल्या माझ्या कंपनीला तो हाच कागद दाखवील. साधारण नियम असा की, माझ्या कंपनीची मागणी पोचल्यानंतर समोरच्याने जाणूनबुजून माझ्याकडून मुक्तता घेतली तर ती मागणी त्याने बुडत नाही. पण त्या वादाच्या भरवशावर सही कोण करणार? आणि मागणी पोचायच्या आधीच सही झाली असेल तर बहुधा बचावच नाही. मी कागद परत पाठवला आणि 'फक्त भाड्याच्या गाडीच्या खर्चापुरते. विमा कंपनीची वसुली, डिडक्टिबल आणि शारीरिक इजा यांना बाधा न येता' असे लिहून मागितले. त्याला आठवडा लागला, पण मिळाले.

पुढे दोन्ही कंपन्यांचे टक्क्यांवर एकमत झाले नाही आणि प्रकरण लवादाकडे गेले. अमेरिकेत यासाठी आर्बिट्रेशन फोरम्स नावाची संस्था आहे. सभासद कंपन्यांनी आपसातले असे तंटे कोर्टाऐवजी तिच्याकडे नेण्याचा करार केलेला असतो. आपल्याला तिथे बहुधा जावे लागत नाही. फोटो, पोलिस रिपोर्ट आणि दोघांचे जबाब वाचून लवाद टक्के ठरवतो. निकाल ८०-२० आला. लवादाचे म्हणणे, मला ब्रेक लावायला थोडा वेळ होता. मला आजही तो २० टक्क्यांचा निवाडा पटलेला नाही, पण ते असो. ५,६६०चे ८० टक्के म्हणजे ४,५२८ डॉलर वसूल झाले. त्यातले ४,१२८ कंपनीने ठेवले आणि ५०० डॉलरच्या डिडक्टिबलपैकी ४०० मला पाठवले. अपघातापासून हा चेक हाती पडेपर्यंत सात महिने गेले.

त्या ४०० डॉलरवर थोडे थांबू या. पूर्ण ५०० का नाहीत? कारण वसुली ८० टक्के झाली आणि ती दोघांत त्याच प्रमाणात वाटली गेली. पुष्कळ राज्यांत हाच रिवाज आहे, पण सगळीकडे नाही. वॉशिंग्टन राज्यात अशाच एका प्रकरणात विमेदाराला ७० टक्के डिडक्टिबल परत मिळाले होते. २०१९ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की कंपनीने आधी विमेदाराचे डिडक्टिबल पूर्ण भागवावे आणि उरलेल्यातून आपले घ्यावे. म्हणून सिअ‍ॅटलच्या मित्राला ५०० मिळाले आणि मला ४००च कसे, असा हिशेब घालत बसू नये. आधी आपल्या राज्याच्या विमा खात्याला फोन करावा. तो फुकट असतो.

आता तिसऱ्या मुद्द्याकडे येतो, कारण तिथे नुकसान मोठे होते आणि ते आपल्या लोकांच्या चांगुलपणातूनच होते. भारतातून नुकतेच आलेले एक जोडपे आमच्या ओळखीचे आहे. किराणा दुकानाच्या पार्किंगमध्ये एका गृहस्थाने रिव्हर्स घेताना त्यांच्या दाराला धडक दिली. गृहस्थ अगदी अजिजीने बोलले. विम्याच्या भानगडीत कशाला पडायचे, माझा प्रीमियम वाढेल, हे घ्या ३०० डॉलर, म्हणाले. एका कागदावर 'या प्रकाराबद्दल पूर्ण भरपाई मिळाली, आता काही देणे-घेणे नाही' असे लिहून घेतले. दोघांनी सह्या केल्या, हात मिळवले. आपल्याकडे रस्त्यावरचे अपघात असेच मिटतात, त्यामुळे त्यांना त्यात काही वावगे वाटले नाही. पुढे बॉडी शॉपने दार उघडले तेव्हा चौकटही सरकलेली निघाली आणि बिल २,७०० डॉलरवर गेले.

तेव्हा त्यांनी आपल्या कोलिजन कव्हरमध्ये क्लेम लावला. कंपनीच्या माणसाने पहिल्या काही प्रश्नांतच विचारले की समोरच्याकडून काही घेतलेत का, काही लिहून दिलेत का. त्यांनी खरे तेच सांगितले. कंपनीने क्लेम नाकारला. कारण पॉलिसीत स्पष्ट होते की आमच्या वसुलीच्या हक्काला बाध येईल असे काही करू नका. त्या ३०० डॉलरच्या चिठ्ठीने २,७०० डॉलरची वसुली बंद झाली होती. कंपनीशी वाद घालता येतो. चिठ्ठी करताना आतले नुकसान दिसतच नव्हते, चिठ्ठी मोघम आहे, असे म्हणता येते. पण तो वाद वकिलाच्या फीच्या तुलनेत छोटा होता, त्यांनी तो सोडून दिला आणि २,४०० डॉलर पदरचे भरले.

समोरचा ओळखीचा असेल तर? मंडळाच्या कार्यक्रमाला शाळेच्या पार्किंगमध्ये आपलीच माणसे आपल्याच माणसांच्या गाड्यांना ठोकतात. तेव्हा दादा, वहिनी म्हणून ज्यांच्या घरी जेवतो त्यांच्यावर आपली कंपनी दावा लावणार, हे मनाला लागते. त्यांना आधीच फोन करून सांगावे की माझी कंपनी तुमच्या कंपनीला पत्र पाठवील, ते नुसते त्यांच्याकडे पोचते करा. त्यांच्या लायबिलिटी कव्हरमधून पैसे जातात. इलिनॉयमध्ये दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीसाठी निदान २०,००० डॉलरचे कव्हर सक्तीचे आहे, त्यामुळे चेपलेल्या दारासाठी कुणाच्या घरावर जप्ती येत नाही. त्यांच्याकडे विमाच नसेल तर मात्र कंपनी थेट त्यांच्याकडून वसूल करू पाहते आणि तिथे आपल्या शब्दाला किंमत नसते. नाते जपायचे असेल तर क्लेमच न लावता खर्च आपण सोसायचा, हा मार्ग उरतो. पण तो क्लेम लावण्यापूर्वी निवडायचा असतो.

आणि आपल्याच माणसाने आपली गाडी ठोकली तर? मेहुणे भारतातून आले, तुमच्या परवानगीने गाडी घेऊन गेले आणि खांबाला घातली. त्यांच्याकडून कंपनी वसूल करील का? साधारणपणे नाही. परवानगीने गाडी चालवणारा तुमच्याच पॉलिसीखाली विमेदार धरला जातो आणि कंपनीला स्वतःच्याच विमेदाराविरुद्ध सबरोगेशन करता येत नाही. मात्र ज्याला पॉलिसीतून नाव घेऊन वगळले आहे, त्याला हे संरक्षण नसते.

पत्र खरे आहे की नाही हेही पाहायला हवे. वसुलीचे काम कंपन्या बाहेरच्या फर्मना देतात, त्यामुळे पत्रावर कधी कधी नावही न ऐकलेल्या फर्मचा पत्ता असतो. पत्रावरच्या नंबरला फोन न करता आपल्या विमा कार्डावरच्या नंबरला करावा, क्लेम नंबर सांगावा आणि ही फर्म तुमची आहे का ते विचारावे. खऱ्या पत्रात क्लेम नंबर, अपघाताची तारीख आणि तुम्हाला दिलेली रक्कम असते. तुमच्या बँकेचा खाते नंबर त्यात कुणी मागत नाही. रकमेचा आकडाही ताडून पाहावा. माझ्या पहिल्या पत्रात पुरवणी बिलाचे १,१२० डॉलर आलेच नव्हते, कारण पत्र आधी निघाले आणि बिल नंतर आले. पत्रात 'ही रक्कम संपूर्ण व अंतिम म्हणून स्वीकारली' अशा अर्थाचे वाक्य असेल, तर पुरवणी बिल भागेपर्यंत सही थांबवावी.

इथवर गाडीचे झाले. पण ज्या अपघातात माणसाला लागते तिथे आणखी एक पत्र येते, आणि ते हेल्थ प्लॅनकडून. इमर्जन्सी रूमचे बिल प्लॅनने भरले की काही दिवसांनी प्रश्नावली येते: ही इजा अपघातात झाली का, कुठे, कुणाची चूक, वकील नेमला आहे का? पुष्कळजण ती जाहिरात समजून टाकून देतात. मग प्लॅन पुढची बिले अडवून धरतो आणि हॉस्पिटल आपल्यामागे लागते. प्रश्नावली भरून पाठवावी. जिन्यावरून घरातच पडला असाल तर तसे लिहावे, विषय तिथेच मिटतो. दुसऱ्याची चूक असेल तर प्लॅनला कळते की उद्या तुम्हाला समोरच्याकडून भरपाई मिळाली तर त्यात आपला वाटा आहे.

हा वाटा किती, ते प्लॅन कोणत्या प्रकारचा आहे यावर ठरते. काही राज्यांनी हेल्थ इन्शुरन्स कंपन्यांना अशी वसुली करायला मनाई केली आहे किंवा मर्यादा घातल्या आहेत. पण आपल्यापैकी बरेचजण मोठ्या कंपन्यांत काम करतात, आणि तिथला प्लॅन पुष्कळदा 'सेल्फ-फंडेड' असतो. कार्डावर नाव विमा कंपनीचे असले तरी बिलांचे पैसे आपली नोकरीची कंपनी स्वतः देते. अशा प्लॅनला राज्याची ती मनाई लागू होत नाही, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९० साली पेनसिल्व्हेनियातल्या एका प्रकरणात ठरवले. तिथे प्लॅनच्या दस्तऐवजात जे लिहिले आहे तेच चालते.

ते किती कडक चालते हे २०१३ साली यूएस एअरवेजच्या प्रकरणात दिसले. त्यांच्या एका कर्मचाऱ्याला अपघातात जबर इजा झाली. प्लॅनने उपचारांवर ६६,८६६ डॉलर खर्च केले. त्याला वेगवेगळ्या विम्यांतून मिळून १,१०,००० डॉलर मिळाले, त्यातले ४० टक्के वकिलाने घेतले आणि हातात राहिले ६६,०००. प्लॅनने आपले ६६,८६६ पूर्ण मागितले. म्हणजे सगळी भरपाई देऊनही त्यालाच वरून ८६६ डॉलर घालावे लागले असते. सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, 'माझे पूर्ण नुकसान भरून आलेले नाही' ही तक्रार प्लॅनच्या स्पष्ट कलमापुढे टिकत नाही. मात्र वकिलाच्या फीचा भार कुणी उचलायचा याबद्दल त्या प्लॅनमध्ये एक शब्दही नव्हता. तिथे जुना रिवाज लागू होईल: ज्या वकिलाच्या श्रमाने पैसे मिळाले त्याच्या फीतला आपला हिस्सा प्लॅननेही सोसावा.

त्यानंतर अनेक प्लॅननी आपल्या दस्तऐवजात ती उणीव भरून काढली. म्हणून अपघातानंतर वकिलाकडे जायच्या आधी एचआरकडून लेखी दोन गोष्टी मागून घ्या: प्लॅन सेल्फ-फंडेड आहे की विमा कंपनीचा, आणि मूळ प्लॅन डॉक्युमेंटची प्रत. एचआर बहुधा सारांशाची पुस्तिका पाठवते. ती पुरेशी नाही. परतफेडीचे कलम आणि वकिलाच्या फीचे वाक्य मूळ दस्तऐवजातच वाचावे लागते. इलिनॉयमध्ये गाडीच्या नुकसानीचा दावा लावायला ५ वर्षे मिळतात, पण शारीरिक इजेचा दावा २ वर्षांत लावावा लागतो, आणि प्लॅनशी परतफेडीची रक्कम कमी करून घेण्याची बोलणी समोरच्याशी तडजोड होण्यापूर्वीच करायची असतात. चेक वटल्यावर ती कुणी करत नाही.